टॉवर लोकेशनवर किती विसंबायचे?

खून, दरोडा, अपहरण यांसारख्या गुन्ह्याच्या दोषारोपपत्रात हल्ली एक वाक्य हमखास असते: ‘घटनेच्या वेळी आरोपीच्या मोबाइलचे लोकेशन घटनास्थळी आढळून आले.’ नाशिकच्या जिल्हा न्यायालयात किंवा राज्यातल्या कुठल्याही सत्र न्यायालयात हे वाक्य वाचले गेले की ऐकणाऱ्याच्या मनात नकाशावरचा एक ठिपका उभा राहतो, आणि त्या ठिपक्यावर आरोपी उभा असतो. कंपनीने दिलेल्या नोंदीत मात्र असा ठिपका कुठेच नसतो. अमुक सिमकार्ड, अमुक हँडसेटमध्ये असताना, अमुक वेळी अमुक अँटेनावरून कॉल झाला, एवढेच नोंद सांगते. अँटेनापासून घटनास्थळापर्यंतचे अंतर तपासाने भरून काढायचे असते. ते काम एका दुपारचे आहे आणि ते फार क्वचित केले जाते. ते केल्याशिवाय टॉवर लोकेशन हा पुराव्याच्या साखळीतला दुवा म्हणून न्यायालयाने मोजू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी नोंद कशी असते ते पाहू. सीडीआर म्हणजे मोबाइल कंपनीकडचा, कॉलच्या तपशिलांचा एक लांबलचक तक्ता. एका कॉलची एक ओळ. त्या ओळीत फोन करणारा नंबर, घेणारा नंबर, तारीख, वेळ, सेकंदांत कालावधी, कॉल आला की केला की एसएमएस होता, हँडसेटचा ओळखक्रमांक म्हणजे आयएमईआय, सिमचा ओळखक्रमांक म्हणजे आयएमएसआय आणि दोन सेल आयडी असतात. पहिला सेल आयडी कॉल सुरू झाला तेव्हाचा आणि दुसरा कॉल संपला तेव्हाचा. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला ही माहिती बिलासाठी लागते, त्यामुळे ती कंपनी जपून आणि बिनचूक ठेवते. या भागावर शंका घ्यायला सहसा जागा नसते. सेल आयडी मात्र कॉल नीट चालावा म्हणून नेटवर्कने केलेल्या निवडीची नोंद आहे. माणूस कुठे आहे हे शोधण्यासाठी ती यंत्रणा बनवलेलीच नाही.

सेल आयडी हा टॉवरचा नसतो, टॉवरवरच्या एका दिशेच्या अँटेनाचा असतो. एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड केलेल्या अँटेना असतात, म्हणजे तीन सेक्टर. प्रत्येक सेक्टरचा सेल आयडी वेगळा आणि उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला त्याचा कोन वेगळा. या कोनाला अझिमथ म्हणतात. पोलिसांकडच्या तक्त्यात सेल आयडीसमोर बहुतेक वेळा नुसता टॉवरचा पत्ता लिहिलेला असतो: अमुक इमारतीची गच्ची, गंगापूर रोड. वाचणाऱ्याला वाटते आरोपी त्या इमारतीपाशी होता. प्रत्यक्षात तो त्या अँटेनाच्या तोंडासमोर कुठेतरी होता, आणि हे ‘कुठेतरी’ शहरात काहीशे मीटरचे असते, तर मोकळ्या शिवारात कित्येक किलोमीटरचे.

विश्लेषणाचे सॉफ्टवेअर या सेक्टरचे रंगीत चित्र काढून देते. नकाशावर टॉवरपासून निघालेला १२० अंशांचा एक त्रिकोणी तुकडा, आणि त्याच्या आत घटनास्थळाचा लाल ठिपका. या चित्राचा न्यायालयात फार प्रभाव पडतो, म्हणून ते कसे तयार होते हे वकिलांना माहीत असायला हवे. तुकड्याची लांबी, म्हणजे सेल किती दूरवर पोहोचतो ते अंतर, सॉफ्टवेअर मोजत नाही. ते एक तर आधीच ठरवून ठेवलेले असते, नाही तर वापरणाऱ्याने भरलेले असते. कडाही खऱ्या नसतात. नेहमीच्या सेक्टर अँटेनाचा जोरदार झोत साधारण ६५ अंशांचा असतो, त्याबाहेर ताकद हळूहळू उतरत जाते आणि थोडे सिग्नल बाजूला व मागेही गळतात. डोंगर आड आला, उंच इमारत आड आली की झोत तुटतो. उलट दहाव्या मजल्यावरच्या फोनला खालच्या रस्त्यावर कधीच न लागणारा लांबचा टॉवर सहज दिसतो. उलटतपासणीत तज्ज्ञाला ‘ही त्रिज्या कुठून आली?’ एवढा एकच प्रश्न नीट विचारला, तरी चित्रातला मोजलेला भाग कोणता आणि मानलेला कोणता हे उघड होते.

फोन जवळचा टॉवर पकडतो, हा सगळ्यात रुळलेला गैरसमज. फोनला अंतर कळत नाही, त्याला सिग्नल कळतो. त्यातही तो एक सेल धरून बसला की शेजारचा सेल थोडासा बरा झाला म्हणून लगेच उडी मारत नाही. ठरावीक फरक पडेपर्यंत जुनाच धरून ठेवतो, नाही तर दोन सेलच्या सीमेवर तो सतत इकडेतिकडे करत राहील. म्हणजे एकाच ओट्यावर ठेवलेले एकाच कंपनीचे दोन फोन, एक पूर्वेकडून आलेला आणि एक पश्चिमेकडून आलेला, वेगवेगळ्या सेलवर असू शकतात. शिवाय सेलवर गर्दी झाली की नेटवर्क काही फोन शेजारच्या सेलकडे ढकलते. फोर जी वापरणाऱ्या फोनवर व्हीओएलटीई, म्हणजे फोर जीवरूनच बोलण्याची सोय, बंद असेल, तर कॉलपुरता तो जुन्या तंत्रावर उतरतो आणि तिथला सेल वेगळाच असतो.

आता हे सगळे एका प्रसंगात पाहू. प्रसंग आम्ही रचलेला आहे, पण भूगोल नाशिककरांच्या ओळखीचा आहे. गंगापूर धरणाचे बॅकवॉटर. एका बाजूला गिरणाऱ्याकडचा काठ, दुसऱ्या बाजूला त्र्यंबक रस्त्याकडचा. समजा, गिरणाऱ्याकडच्या काठावरच्या एका फार्महाउसवर रात्री १०.४० ते १०.५० च्या दरम्यान मारहाण झाली आणि एकाच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. संशयिताचे म्हणणे, ‘मी त्या रात्री समोरच्या काठावर मामांच्या घरी होतो.’ त्याच्या कंपनीचा एक टॉवर उत्तर काठावर आहे, त्याला ‘उत्तर’ म्हणू. दुसरा दक्षिण काठावर, तो ‘दक्षिण’. उत्तर टॉवरचा दोन नंबरचा सेक्टर पाण्याकडे तोंड करून आहे, दक्षिण टॉवरचा एक नंबरचा सेक्टरही पाण्याकडेच.

सीडीआरमध्ये त्या तासाभरातल्या तीनच नोंदी आहेत. ९ वाजून ५२ मिनिटांनी त्याने केलेला ७४ सेकंदांचा कॉल, सुरुवात आणि शेवट दोन्ही दक्षिण-१ वर. १० वाजून ३८ मिनिटांनी बँकेचा एक एसएमएस, उत्तर-२ वर. १० वाजून ५१ मिनिटांनी आलेला १८६ सेकंदांचा कॉल, सुरुवात उत्तर-२ वर आणि शेवट दक्षिण-१ वर.

दोषारोपपत्रात याची गोष्ट अशी होते: आरोपी दहाच्या आधी दक्षिणेला होता, १०.३८ ला उत्तर काठावर पोहोचला, १०.५१ लाही तिथेच होता, म्हणजे मारहाणीच्या वेळी हजर होता. ही गोष्ट उभी राहते, कारण पोलिसांनी जोडलेल्या गोषवाऱ्यात शेवटच्या सेल आयडीचा स्तंभच नसतो. जागा वाचवण्यासाठी तो गाळलेला असतो. मूळ तक्ता समोर घेतला की तिसरी ओळ वेगळेच बोलू लागते. एका काठाकडून दुसऱ्या काठाला रस्त्याने जायचे तर धरणाला वळसा घालावा लागतो. आपल्या प्रसंगात तो वळसा १८ किलोमीटरचा धरू. १८६ सेकंदांत १८ किलोमीटर म्हणजे ताशी जवळजवळ ३५० किलोमीटरचा वेग. तेव्हा कॉल चालू असताना माणूस काठ बदलून गेला नाही, त्याचा फोन फक्त सेल बदलून गेला. याचाच अर्थ, फोन अशा जागी होता जिथे उत्तर-२ आणि दक्षिण-१ हे दोन्ही सेल पोहोचतात. पाण्यावरून सिग्नलला अडवायला काही नसते, त्यामुळे समोरच्या काठाचा टॉवर अलीकडच्या टॉवरच्या तोडीचा लागणे यात नवल नाही.

मग तो निर्दोष ठरला का? नाही. फार्महाउसच्या ओट्यावरही हे दोन्ही सेल मिळत असतील, तर नोंद दोन्ही गोष्टींशी जुळते आणि कोणाचीच बाजू सिद्ध करत नाही. मामांच्या घरी, अंगणात आणि गच्चीवरही उत्तर-२ कधीच मिळत नसेल, तर त्याचा बचाव ढासळतो. फार्महाउस उत्तर टॉवरच्या पाठीमागे पडत असेल आणि तिथे नेहमी उत्तर-३ च लागत असेल, तर मात्र पोलिसांची गोष्ट ढासळते. कारण मग उत्तर-२ ची नोंद फार्महाउसवरची नाही, पाण्याच्या बाजूची आहे. या तीन शक्यतांपैकी खरी कोणती, हे सीडीआर कितीही वेळा वाचला तरी कळणार नाही. जागेवर जाऊन मोजले तरच कळेल.

मोजणी कशी करायची? त्याच कंपनीचे सिम, शक्यतो आरोपीच्या हँडसेटच्याच मॉडेलचा फोन, दोन पंच आणि एक माहितगार माणूस. फोन कोणत्या सेलवर आहे आणि सिग्नल किती आहे, ते फोनच दाखवतो. पुष्कळशा अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये पुढचा पहिला कोड टाकला की नेटवर्कची माहिती उघडते, आयफोनसाठी दुसरा.

```
*#*#4636#*#*
*3001#12345#*
```

पडद्यावर सेलचा आकडा, टीएसी म्हणजे त्या परिसराचा आकडा आणि आरएसआरपी नावाने डीबीएममध्ये सिग्नलची ताकद दिसते. उणे ८० च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला, उणे ११० च्या खाली गेला तर कडेचा. ही नोंद एकाच जागी घेऊन भागत नाही. घटनास्थळी खोलीत, ओट्यावर, फाटकापाशी आणि गच्चीवर घ्यावी लागते. प्रत्येक जागी दोन दिशांनी चालत यावे लागते, कारण वर म्हटल्याप्रमाणे फोन आधीचा सेल धरून येतो. नुसते पाहून चालत नाही, प्रत्येक जागेवरून कॉल लावून तो तीन-चार मिनिटे चालू ठेवावा लागतो, कारण कॉलमध्ये नसताना आणि कॉल चालू असताना फोन वेगवेगळ्या सेलवर असू शकतो. मग नेमके हेच सगळे आरोपी जिथे होतो म्हणतो त्या जागीही करायचे. शेवटी चाचणीच्या सिमचा त्या दिवसाचा सीडीआर कंपनीकडून मागवून पडद्यावरच्या नोंदींशी ताडून पाहायचा. या शेवटच्या पायरीमुळे पंचनाम्याला वजन येते. कंपनीच्या स्वतःच्याच नोंदीने मोजणी पडताळली जाते.

आणि हे गुन्ह्यानंतर काही दिवसांतच करायचे. नेटवर्क स्थिर नसते. अँटेनाचा कोन बदलतात, ती दोन-चार अंश खाली झुकवतात, नवीन टॉवर उभा राहिला की शेजारच्या सेलची हद्द आक्रसते, इमारतीचा मालक भाडेपट्टा मोडतो आणि टॉवर दुसऱ्या गच्चीवर जातो. दोन वर्षांनी खटला उभा राहिल्यावर केलेली मोजणी त्या रात्रीबद्दल फारच थोडे सांगते.

नाशिकसाठी हा मुद्दा आत्ता तातडीचा आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंड, तपोवन आणि त्र्यंबकेश्वरच्या परिसरात गर्दी पेलायला चाकांवरचे तात्पुरते टॉवर उभे राहतील, आहेत त्या सेक्टरची विभागणी होईल, आणि पर्वणी संपली की यातले पुष्कळसे उतरवले जाईल. त्या काळात पंचवटीत घडलेल्या चोरीचा किंवा त्याहून गंभीर गुन्ह्याचा खटला चालेल तेव्हा सीडीआरमधला सेल आयडी अशा टॉवरचा असेल, जो जागेवर नाही आणि कदाचित कंपनीच्या चालू यादीतही नाही. त्याहून वाईट म्हणजे, तोच आकडा पुढे दुसऱ्या जागी दुसऱ्या सेक्टरला दिलेला असू शकतो. तपासी अंमलदाराने आजच्या यादीत तो आकडा शोधला तर त्याला पत्ता मिळेल, आणि तो चुकीचा असेल. यावर उपाय साधा आहे. सिंहस्थाच्या काळात दर आठवड्याला प्रत्येक कंपनीकडून सेलची पूर्ण यादी, म्हणजे सेल आयडी, अक्षांश, रेखांश, अझिमथ, सुरू आणि बंद झाल्याची तारीख, शहर आणि ग्रामीण पोलिसांनी घ्यावी, आणि ती हॅशसह, म्हणजे फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी बदलणाऱ्या तिच्या आकडी ठशासह, जतन करावी. हे काम नंतर कितीही खर्च केला तरी करता येणार नाही.

हॅशचा उल्लेख आला, तेव्हा फाइलच्या प्रवासाकडे वळू. कंपनी सीडीआर पोलिस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या ठरलेल्या मेलवर पाठवते. तिथून तो सायबर शाखेकडे, तिथून पेन ड्राइव्हवर किंवा मेलने तपासी अंमलदाराकडे. वाटेत कोणीतरी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडतो, स्तंभ रुंद करतो, नको त्या ओळी काढतो आणि ‘सेव्ह’ दाबतो. त्यात वाईट हेतू असण्याची गरज नाही, पण तेवढ्याने फाइल बिघडू शकते. पंधरा आकडी आयएमईआय एक्सेल ३.५४E+१४ असा दाखवतो. त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली तर पहिल्या तीननंतरचे आकडे कायमचे गेले. पंधरापेक्षा जास्त आकड्यांची संख्या असेल तर एक्सेल सोळाव्या आकड्यापासून पुढे शून्ये टाकतो. मोठा सेल आयडी सलग लिहिलेला असेल आणि सेक्टर ओळखायचा आकडा त्याच्या शेवटी असेल, तर तोच नेमका पुसला जातो. तारखांचेही तसेच. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०७ ही ५ जुलै न राहता ७ मे होते, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र तशाच राहतात, कारण तेरावा महिना नसतो. एकाच तक्त्यात निम्म्या तारखा उलटलेल्या आणि निम्म्या सुलट दिसल्या, तर फाइल वाटेत उघडून जतन केली गेली आहे असे खुशाल समजावे.

इथेच एका उलट्या चुकीचीही नोंद करतो, कारण बचाव पक्ष ती वारंवार करतो. जप्ती पंचनाम्यातला आयएमईआय आणि सीडीआरमधला आयएमईआय शेवटच्या आकड्यात जुळत नाही म्हणून हँडसेटच वेगळा, असा युक्तिवाद होतो. तो टिकत नाही. पंधरावा आकडा तपासणीचा असतो, फोन तो नेटवर्कला पाठवत नाही, आणि सीडीआरमध्ये त्याच्या जागी बहुधा शून्य येते. पहिले चौदा आकडे जुळले की हँडसेटचा आकडा तोच.

फाइल बदललेली नाही हे दाखवायला हॅश लागतो. विंडोजवर एका ओळीत तो काढता येतो:

```
certutil -hashfile cdr.csv SHA256
```

पण हॅश एवढेच सांगतो की तो काढल्यापासून फाइल तशीच आहे. त्याआधी तिचे काय झाले, ते त्याला माहीत नसते. एक्सेलमधून गेलेल्या फाइलचा हॅश काढून प्रमाणपत्रात लिहिला, तर बिघडलेली फाइल काळजीपूर्वक मोहोरबंद झाली इतकेच. म्हणून हॅश कंपनीने फाइल पाठवताना काढलेला हवा, आणि न्यायालयात दाखल झालेल्या फाइलचा हॅश त्याच्याशी जुळायला हवा.

अशा प्रवासात काय होऊ शकते ते डेन्मार्कने २०१९ मध्ये पाहिले. कंपन्यांकडून आलेली कच्ची माहिती वापरण्याजोग्या रूपात बदलणाऱ्या पोलिसांच्या यंत्रणेत काही नोंदी गळत असल्याचे आढळले, आणि नंतर फोन चुकीच्या टॉवरशी जोडले गेल्याचेही. तिथल्या महाअभियोक्त्यांनी दोन महिने असा पुरावा वापरणे थांबवले, २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणे पुन्हा तपासायला घेतली आणि ३२ जणांची कोठडीतून सुटका झाली. यंत्रणा चुकू शकते हे त्यांनी उघडपणे मान्य केले, आणि आपल्याकडे त्याची सुरुवातही झालेली नाही, याची खंत वाटते.

आपल्याकडे सगळी चर्चा प्रमाणपत्रापाशी येऊन थांबते. संसद हल्ल्याच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राशिवायही कॉल रेकॉर्ड ग्राह्य धरले होते. २०१४ च्या अन्वर विरुद्ध बशीर निकालाने ते बदलले आणि पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. मध्ये काही काळ गोंधळ झाला. शेवटी १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अन्वरचीच वाट कायम केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत, भाग ‘अ’ नोंद देणाऱ्याचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश लिहायचा आहे. ही सुधारणा चांगलीच आहे. पण प्रमाणपत्र फक्त एवढेच म्हणते की हा तक्ता कंपनीच्या संगणकातून नीट निघाला आहे. उत्तर-२ चा सिग्नल मामांच्या गच्चीवर पोहोचतो का, याबद्दल ते काहीच म्हणत नाही, म्हणू शकतही नाही. कंपनीच्या नोडल ऑफिसरची साक्षही तिथवरच पोहोचते. तो नोंदी पुरवणारा माणूस आहे, त्या भागाचे नेटवर्क आखणारा अभियंता नव्हे. त्याला कव्हरेजबद्दल विचारले आणि त्याने ‘साधारण दोन-तीन किलोमीटर’ असे उत्तर दिले, तर ते ऐकीव ज्ञान आहे. त्यावर कोणाची शिक्षा उभी राहू नये. पण बचावाच्या वकिलालाही हे सांगायला हवे, की प्रमाणपत्र नसल्याची हरकत तक्ता पुराव्यात दाखल होऊन त्यावर निशाणी पडताना तिथेच घ्यायची असते. २०१७ च्या सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात नेमके सीडीआरच होते, आणि खालच्या न्यायालयात न घेतलेली ही हरकत अपिलात ऐकली गेली नाही.

यावर तपास यंत्रणेचे एक उत्तर असते आणि ते ऐकून घ्यायला हवे. टॉवर लोकेशन हा एकटा पुरावा कधीच नसतो, म्हणतात ते; तो पूरक असतो, जप्ती असते, साक्षीदार असतात, आणि प्रत्येक गुन्ह्यात असे सर्वेक्षण करायला माणसे कुठून आणायची? माणसांचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच आम्ही प्रत्येक गुन्ह्यात नव्हे, तर लोकेशनवर भिस्त असलेल्या खटल्यातच ही मागणी करतो. ‘पूरक’ या शब्दाचा आधार मात्र पटत नाही. प्रत्यक्ष पाहणारा नसतो तेव्हा खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर चालतो, आणि शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालाने घालून दिलेल्या पाच तत्त्वांतले पहिलेच असे आहे, की ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती परिस्थिती आधी पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे. ‘आरोपीचा फोन घटनास्थळी होता’ हा दुवा साखळीत घालायचा असेल, तर तो स्वतःच्या पायावर सिद्ध व्हायला हवा. शेजारचा दुवा त्याला हात देऊ शकत नाही.

टॉवर लोकेशन निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याची खरी ताकद ‘नव्हता’ हे सांगण्यात आहे. घटना इगतपुरीत घडली आणि त्याच वेळी फोन नाशिकरोडच्या सेलवर दहा मिनिटे बोलत होता, तर तो फोन इगतपुरीत नव्हता हे जवळजवळ निर्विवाद. मोठ्या अंतरावरची हालचालही ते चांगली दाखवते: एकामागून एक सेल घोटी, इगतपुरी, कसारा असे सरकत गेले, तर फोन महामार्गावरून किंवा रेल्वेने मुंबईकडे निघाला होता. मात्र या घरात की शेजारच्या, या काठावर की त्या, असा प्रश्न आला की त्याची मर्यादा संपते. आणि फोन म्हणजे माणूस नव्हे, हेही प्रत्येक वेळी वेगळे सिद्ध करावे लागते. सिम कोणाच्या नावावर आहे ते कंपनीचा ग्राहक अर्ज सांगेल. त्या रात्री फोन कोणाच्या हातात होता, ते त्या वेळी कोणाशी बोलणे झाले आणि तो समोरचा माणूस काय सांगतो, यावरूनच कळेल. आमच्या प्रसंगात १८६ सेकंद बोलणाऱ्याचा जबाब हा सगळ्या सेल आयडींपेक्षा मोलाचा आहे.

लोक आता व्हॉट्सअॅपवर बोलतात, त्यामुळे सीडीआर विरळ होत चालला आहे आणि पोलिस डेटाच्या नोंदींकडे वळत आहेत. तिथे जास्त सावध राहायला हवे. डेटाचे एक सत्र कित्येक तास चालू राहू शकते, आणि नोंदीत दिसणारा सेल बहुधा ते सुरू झाले तेव्हाचा असतो. संध्याकाळी सातला सिडकोत सुरू झालेल्या सत्राचा सेल रात्री अकराच्या घटनेला लावणे चूक आहे.

आरोपीच्या बाजूने पाहिले तर शत्रू वेळ आहे. परवान्याच्या अटींनुसार डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. आरोपपत्र, जामीन आणि आरोपनिश्चिती यांत ती दोन वर्षे सहज निघून जातात, आणि पोलिसांनी न मागवलेली नोंद कायमची नष्ट होते. पोलिसांनी मागवलेल्या नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवाव्यात, असे खोतकर निकालात कंपन्यांना सांगितले आहे. पण पोलिसांनी मागवलेच नाही त्याला हे संरक्षण नाही. म्हणून ज्याचा बचाव ‘मी दुसरीकडे होतो’ असा आहे, त्याच्या वकिलाने पहिल्याच महिन्यात न्यायालयापुढे अर्ज द्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली नोंदी हजर करण्याचे समन्स न्यायालय योग्य टप्प्यावर काढेल. तोवर त्या जपून ठेवण्याचा आदेश तरी मागावा. नुसता ‘सीडीआर’ असा मोघम शब्द अर्जात घालू नये. पहिल्या आणि शेवटच्या सेल आयडीसह मूळ फाइल कंपनीच्या हॅशसकट, त्या कालावधीतल्या डेटा सत्रांच्या नोंदी, घटनेच्या तारखेला लागू असलेली दोन्ही परिसरांतल्या सेलची यादी अझिमथसह, आणि त्या आठवड्यात त्या टॉवरवर झालेल्या बदलांची व बिघाडांची नोंदवही, असे एकेक नाव घेऊन मागावे. टॉवरवरच्या कामाची ही नोंदवही सहसा कोणी मागत नाही, आणि एखादा सेल त्या रात्री बंद असल्यामुळे फोन लांबच्या सेलवर गेला होता का, हे तिच्यातूनच कळते.